कपाटातली दुसरी किल्ली

वाचकाचं पत्र

मी लातूरला बारावीचे फिजिक्सचे क्लास घेते. शिकवण्याचं यूट्यूब चॅनलही आहे, निम्मे विद्यार्थी तिथूनच येतात. ओळखीच्या एका सरांचं चॅनल मागे कुणीतरी पळवलं, तेव्हा घाबरून मी दोन सिक्युरिटी की मागवल्या, लॉगिन करताना संगणकाला किंवा फोनला लावायच्या त्या छोट्या यूएसबी किल्ल्या. एक गुगलला जोडली आणि स्कूटीच्या जुडग्यात अडकवली. दुसरी डब्यातच कपाटात आहे; दुकानदार म्हणाला, ती डुप्लिकेट. यंदा वेळ अमावस्येला शेतात ते जुडगं पडलं. अख्खी दुपार सगळ्यांनी ज्वारी पालथी घातली, तेव्हा कुठं सापडलं. सापडलं नसतं तर काय झालं असतं, हे डोक्यातून जात नाही. उदगीरचा भाऊ करसल्लागार आहे. तो म्हणतो, हे डीएससीसारखंच, म्हणजे त्याच्या डिजिटल सहीच्या टोकनसारखंच, हरवलं तर कंपनी दुसरं देते. आमचे हे म्हणतात, मोबाईलवर ओटीपी येतोच की, मग किल्ली हवीच कशाला? मी कुणाचं ऐकू?

उत्तर

ताई, हे वाचून झालं की आधी कपाटातला तो डबा बाहेर काढा. त्यातली किल्ली आज तुमच्या चॅनलच्या काहीही कामाची नाही. स्कूटीची किल्ली हरवली तर गंजगोलाईतला किल्लीवाला दुसरी घासून देतो, आणि दुकानदाराच्या डोक्यात तेच असणार. पण सिक्युरिटी कीची नक्कल होत नाही. होऊ नये, अशीच ती बनवलेली असते.

एखाद्या खात्याला तुम्ही किल्ली जोडता तेव्हा तिच्यातली चिप त्या खात्यापुरती दोन लांबलचक आकड्यांची जोडी तयार करते. एक आकडा गुगलला दिला जातो, दुसरा चिपच्या बाहेर कधीच येत नाही. तो वाचायची सोय ना तुमच्याकडे असते, ना गुगलकडे, ना ती बनवणाऱ्या कंपनीकडे. पुढे लॉगिन करताना गुगल दर वेळी एक नवं कोडं पाठवतं, किल्ली आतल्या आकड्याने त्यावर सही करते आणि गुगल ती सही आपल्याकडच्या आकड्याने पडताळतं. डब्यातली किल्ली या व्यवहारात कुठेच नव्हती. तिच्यात तुमच्या खात्याची जोडी नाही आणि गुगलच्या यादीत तिचं नाव नाही. पहिली ज्वारीत राहिली असती तर दुसरी ‘डुप्लिकेट’ म्हणून लावूनही दार उघडलं नसतं. ती आधी, स्वतंत्रपणे, खात्याला जोडलेली असावी लागते. आणि हे प्रत्येक खात्यासाठी वेगळं करावं लागतं. क्लासच्या फेसबुक पानाच्या खात्यालाही किल्ली लावलेली असेल, तर दुसरी तिथेही जोडायची.

हे किती गरजेचं आहे याचा अंदाज एका गोष्टीवरून यावा. ॲपलने 2023 मध्ये आपल्या खात्यांसाठी सिक्युरिटी कीची सोय सुरू केली, तेव्हा अटच घातली की किमान दोन किल्ल्या जोडल्याशिवाय ती चालूच होणार नाही. गुगल एकच किल्ली जोडलेली चालवून घेतं, त्यामुळे दुसरीचं काम आज करू, उद्या करू म्हणत राहून जातं.

दुसरी जोडायला दहा मिनिटंही लागत नाहीत, पण एका ठिकाणी हमखास फसगत होते. myaccount.google.com वर जाऊन 2-Step Verification उघडा. तिथे Passkeys and security keys नावाची ओळ आहे. आत गेल्यावर पहिली किल्ली यादीत दिसेल आणि नवीन जोडायचं बटण असेल. बटण दाबलं की गंमत सुरू होते. विंडोज असेल तर ते लगेच स्वतःची चौकट पुढे करतं आणि पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारी तशीच आकड्यांची जोडी, याच संगणकात साठवू का, असं विचारतं. अँड्रॉइड फोन तर फोनमध्येच साठवायला निघतो. घाईत आपण ‘हो’ म्हणतो, हिरवी खूण येते आणि काम झालं असं वाटतं. प्रत्यक्षात किल्ली बाजूला राहिली आणि पासकी संगणकात गेली. म्हणून त्या चौकटीत दुसरा पर्याय निवडायचा, सिक्युरिटी की असं लिहिलेला किंवा दुसरं उपकरण वापरण्याचा. ओळखायची खूण सोपी आहे. जोडताना किल्लीला बोट लावावं लागलंच पाहिजे, आणि बहुतेक किल्ल्यांचा दिवा त्या वेळी लुकलुकतो. बोट न लावता काम झालं असेल, तर किल्ली जोडली गेलेली नाही. यादीतली ती नोंद काढून टाका आणि पुन्हा सुरुवात करा. पहिली किल्ली जोडताना हेच झालं नव्हतं ना, तेही या निमित्ताने बघून घ्या. किल्ली जोडलीय असं समजून महिनोन्‌महिने फोनच्याच पासकीवर चालणारे लोक मला भेटलेले आहेत.

मधेच पिन मागितला जाईल. हा पिन त्या किल्लीचा असतो, गुगलचा नव्हे, आणि प्रत्येक किल्लीवर तो स्वतंत्रपणे ठरवावा लागतो. आकडा दोन्हींना एकच ठेवलात तरी चालेल, फक्त 1234 किंवा स्कूटीचा नंबर नको. त्याचं कारण पुढे येईल.

जोडून झाल्यावर यादीतल्या दोन्ही नोंदींना नावं द्या, ‘जुडगा’ आणि ‘कपाट’ अशी. एकाच मॉडेलच्या दोन किल्ल्या यादीत सारख्याच दिसतात. ज्या दिवशी एक हरवेल त्या दिवशी नेमकी कोणती नोंद काढायची हे कळलं नाही, तर घाईत हातात उरलेलीच काढून टाकाल. खऱ्या किल्लीवरही नेलपॉलिशचा ठिपका देऊन ठेवा.

आता चाचणी, आणि ही टाळू नका. ब्राउझरची खासगी खिडकी उघडा म्हणजे आधीचं लॉगिन आड येणार नाही. तिथे कपाटातल्या किल्लीने आत जाऊन बघा. मग फोनवरही करून बघा, कारण किल्लीचं टोक जुन्या रुंद यूएसबीचं असेल आणि फोनला सी पोर्ट असेल, तर ती फोनमध्ये शिरणारच नाही. एनएफसी असलेली किल्ली एनएफसी असलेल्या फोनच्या पाठीला टेकवून चालते. तशी नसेल तर छोटा ओटीजी जोड त्याच डब्यात टाकून ठेवा.

आता ती दुपार. समजा, जुडगं सापडलंच नाही. दोन्ही किल्ल्या जोडलेल्या आहेत आणि तुम्ही संध्याकाळी लातूरला परतलात. पहिली गोष्ट अशी की किल्ली हरवल्याने कुणी तुम्हाला खात्याबाहेर काढत नाही. फोनवर, घरच्या संगणकावर जिथे आधीच लॉगिन आहे तिथे सगळं चालूच राहतं, ईमेल येतात, उद्याचा व्हिडिओही चढतो. किल्ली लागते ती नव्या लॉगिनला आणि सुरक्षेची सेटिंग बदलताना. तेव्हा शांतपणे कपाटातली किल्ली काढायची, त्याच पानावर जायचं, गुगल खात्री करून घेईल तेव्हा तिला बोट लावायचं आणि ‘जुडगा’ ही नोंद काढून टाकायची. बस. त्या क्षणापासून ज्वारीतली किल्ली तुमच्या गुगल खात्यासाठी मेली. फेसबुकला जोडली असेल तर तिथूनही तशीच काढायची. म्हणून किल्ल्या कुठेकुठे जोडल्या आहेत, याची यादी डायरीत असावी. हरवलेली किल्ली सगळ्या खात्यांतून एकदम काढून देणारं केंद्र कुठेही नाही.

इथेच तुमच्या भावाचं म्हणणं चुकतं, जरी त्याच्या अनुभवातून ते बरोबर वाटत असलं तरी. डीएससी टोकनमध्ये त्याच्या नावाचं प्रमाणपत्र असतं. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 नुसार परवाना असलेली संस्था ते ओळखपत्र तपासून देते. हरवलं तर ती संस्था जुनं प्रमाणपत्र रद्द करते, पुन्हा ओळख पटवते आणि नवं देते. म्हणजे त्याच्यामागे एक दफ्तर आहे, जिथे त्याचं नाव लिहिलेलं आहे. तुमच्या किल्लीमागे असं कुणीच नाही. कंपनीने ती विकली, पुढे ती कोणी कुठल्या खात्याला जोडली हे तिला माहीतच नाही. कंपनी दुसरी देईल, पैसे घेऊन, पण ती तुमच्या कपाटातल्या डब्यासारखीच कोरी असेल. याची दुसरी बाजू अशी की ही किल्ली दोन-तीन वर्षांनी मुदत संपून बाद होत नाही आणि नूतनीकरणाला कुणाच्या दारात जावं लागत नाही.

आणि ज्याला ती शेतात सापडेल त्याचं काय? वर नाव नाही, नंबर नाही. कुठल्या खात्याची ते बाहेरून बघून कळायचं नाही. किल्ली नुसता दुसरा टप्पा म्हणून वापरली जात असेल तर त्याला आधी तुमचा ईमेल आणि पासवर्ड लागेल. अलीकडच्या किल्ल्यांवर मात्र गुगल पासकी साठवतं, आणि मग त्या किल्लीनं पासवर्ड न टाकताही आत जाता येतं. तिथे पिन हाच पासवर्डच्या जागी असतो. म्हणून तो फालतू नको म्हटलं. चुकीचा पिन टाकायला जास्तीत जास्त आठ संधी मिळतात. त्या संपल्या की किल्ली बंद पडते, आणि पुसून कोरी केल्याशिवाय ती पुन्हा चालत नाही. ही आठची मर्यादा चोराला आहे तशी तुम्हालाही आहे, तेव्हा पिन विसरून अंदाजाने आकडे मारत बसू नका. एवढं असल्यावर शेतात पडलेल्या किल्लीसाठी रात्रीची झोप घालवायचं कारण नाही. नोंद त्या आठवड्यात काढली तरी बहुधा बिघडत नाही, पण संध्याकाळीच काढा. किल्लीबरोबर पर्स, फोन किंवा पिन लिहिलेली चिठ्ठी गेली असेल, तर मात्र तासाभराचाही उशीर नको आणि पासवर्डही बदला.

नोंद काढल्यावर तुमच्याकडे एकच किल्ली उरते. नवी येईपर्यंतच्या आठ-पंधरा दिवसांसाठी, आणि दोन्ही किल्ल्या एकदमच गेल्या तर, कागद लागतो. त्याच 2-Step Verification च्या पानावर Backup codes आहेत. गुगल दहा कोड देतं, प्रत्येक आठ आकडी, प्रत्येक एकदाच चालणारा. ते छापून घ्या किंवा हाताने लिहा. त्याच गुगल खात्याच्या ड्राइव्हमध्ये फोटो ठेवू नका. दार बंद झालं की फोटोही आतच राहील. हा कागद मी तुमच्या जागी असते तर भावाकडे उदगीरला ठेवला असता, पाकिटात, वर खात्याचं नाव न लिहिता. नवा संच काढलात की जुना सगळा रद्द होतो, तेव्हा त्याला फोन करून जुना फाडायला सांगायचं.

तुम्हाला वाटेल, मग दुसरी किल्लीही उदगीरलाच किंवा बँकेच्या लॉकरमध्ये का नको? आगीचा किंवा घरफोडीचा विचार केला तर ते जास्त सुरक्षित आहे खरं. पण उद्या आणखी एका खात्याला किल्ली लावाल तेव्हा दोन्ही हाताशी लागतील. लॉकरमधली आणायचा कंटाळा येईल, एकच जोडाल, आणि वर्षभराने तुमची दुसरी किल्ली निम्म्या खात्यांना अनोळखी असेल. म्हणून किल्ली घरच्या कपाटात, कागद दुसऱ्या गावी, ही वाटणी मला बरी वाटते. कपाटातली किल्ली स्कूटीच्या दुसऱ्या किल्लीबरोबर अडकवू नका, एवढंच. पहिलं जुडगं हरवलं की ते दुसरं जुडगं बाहेर पडतं.

आणि यातलं काहीच केलेलं नसेल तर? ओटीपीही बंद, कोडही नाहीत, दुसरी किल्ली कोरी. मग गुगलची खातं परत मिळवण्याची वाट उरते. नेहमीच्या फोनवरून, नेहमीच्या जागेवरून अर्ज करायचा, जुना पासवर्ड आठवेल तो द्यायचा आणि वाट बघायची. त्यात दिवस जातात आणि खातं मिळेलच असं नाही. ऐन परीक्षेच्या तोंडावर ते परवडणारं नाही.

आता तुमच्या मिस्टरांकडे येऊ. ओटीपी चालू ठेवला तर किल्ली हरवल्यावर सोय होते, हे त्यांचं खरं आहे. पण तुम्ही किल्ली घेतली कशासाठी, ते एकदा बघा. समजा ‘तुमच्या व्हिडिओवर कॉपीराइटची तक्रार आली आहे’ असा ईमेल येतो आणि त्यातली लिंक गुगलसारख्याच दिसणाऱ्या पानावर नेते. तुम्ही पासवर्ड टाकता. चोर तो तिकडे खऱ्या गुगलवर टाकतो, तुमच्या फोनवर खराच ओटीपी येतो, तुम्ही तो खोट्या पानावर लिहिता, संपलं. किल्लीच्या बाबतीत हे होत नाही, कारण पान खरं की खोटं हे ठरवायचं काम माणसाकडे राहतच नाही. कोणत्या पत्त्यावरून मागणी आली आहे ते ब्राउझर किल्लीपर्यंत पोचवतो, आणि गुगलसाठी बनलेली जोडी दुसऱ्या पत्त्याला सही देत नाही. अक्षर एकच बदललेलं असलं, तुमच्या नजरेतून सुटलं, तरी देत नाही. पण खात्यात ओटीपीची वाट उघडी असेल तर चोर खोट्या पानावर किल्ली मागणारच नाही, ‘दुसऱ्या पद्धतीने खात्री करा’ म्हणेल आणि ओटीपीच मागेल. ॲपवर दर तीस सेकंदांनी बदलणारे कोडही असेच हातोहात जातात.

म्हणून माझं मत, ओटीपी काढावा. पण आज नाही. आधी दुसरी किल्ली जोडा, खासगी खिडकीत तपासा, कोड उदगीरला पोचू द्या. महिनाभर दोन्ही किल्ल्या आलटून पालटून वापरा. सवय झाली की दुसऱ्या टप्प्याच्या यादीतून मोबाईल नंबर काढा. खातं परत मिळवण्यासाठी दिलेला नंबर ही वेगळी सेटिंग आहे, तो राहू द्या. आणि मिस्टरांना एवढं मात्र सांगा की बँक आणि यूपीआय यांचं काम मोबाईलवरच चालत राहणार आहे. ही किल्ली तिथे लागत नाही, त्यामुळे सिम कार्डाची काळजी तुम्हाला तशीच घ्यावी लागेल.

शेवटी त्या सरांच्या चॅनलबद्दल. ते कसं गेलं, हे तुम्ही त्यांना विचारलंत का? पासवर्ड आणि ओटीपी फसवून घेतला असेल तर किल्लीने ते वाचलं असतं. पण यूट्यूबवाल्यांच्या बाबतीत दुसरा एक प्रकार फार चालतो, आणि ऑक्टोबर 2021 मध्ये गुगलच्याच सुरक्षा पथकाने त्याबद्दल सविस्तर लिहिलं होतं. जाहिरातीच्या कराराचं किंवा एखादं सॉफ्टवेअर तपासून बघण्याचं आमिष येतं, फाइल उघडली की संगणकात शिरलेला प्रोग्राम ब्राउझरमधल्या कुकीज उचलून नेतो. कुकी म्हणजे ‘हा माणूस आधीच आत आलेला आहे’ याची पावती. ती चोराकडे गेली की त्याला ना पासवर्ड लागतो ना किल्ली. ट्यूशन एरियातल्या क्लासेसना जाहिरातदारांचे ईमेल रोजच येत असतील, तेव्हा हा धोका तुमच्या दारातलाच आहे. अशा फाइल्स चॅनलचं लॉगिन असलेल्या संगणकावर उघडूच नयेत. संशय आला तर दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून पासवर्ड बदला आणि उपकरणांच्या यादीतून सगळीकडचं लॉगिन काढून टाका, म्हणजे त्या पावत्या रद्द होतात.

व्हिडिओ कापायला, चढवायला कुणी मुलगा असेल आणि तो तुमच्याच लॉगिनने काम करत असेल, तर तेही याच आठवड्यात बदला. यूट्यूब स्टुडिओच्या सेटिंगमध्ये Permissions आहे. तिथून त्याच्या स्वतःच्या खात्याला एडिटरचा अधिकार देता येतो. मग त्याच्या संगणकावर तुमच्या खात्याची कुकी राहत नाही, आणि दर वेळी तुमची किल्ली त्याच्या हातात द्यावी लागत नाही.